वाट पाहणाऱ्या घराचं गाणं

दुष्काळात पावसाची वाट पाहणाऱ्या घरावर तू गाणं लिहितोयस, त्याच्या ध्रुवपदातलं 'आम्ही हरणार नाही' काढून टाक. धीर असा सांगितला की त्याची घोषणा होते. तो कामातून दिसू दे. आई बियाण्याची पिशवी उंदरांपासून उंच टांगते, बाप कोरड्या रानातही बांध नीट करतो. ध्रुवपद एवढंच ठेव: 'बी राखून ठेवलंय'. पहिल्या कडव्यानंतर ही ओळ नुसती माहिती वाटेल. पुढच्या कडव्यात आई उसनं धान्य आणते, आणि मग त्याच ओळीत निर्धार ऐकू येतो: भूक असूनही बियाण्याला कुणी हात लावलेला नाही. शेवटी पाऊस पाडू नकोस, मला तरी तो उपरा वाटतो. चाल पाच-सहा स्वरांत, बोलण्याच्या पट्टीत ठेव. तार सप्तकात नेलीस तर त्याच शब्दांची विनवणी होते.