चौकटी जुळल्या, तरी चौरस का होईना?

"मुलगी पाचवीत आहे, नवोदयची तयारी करतेय. गणित चांगलं आहे, पण कोणत्या तुकड्यांचा चौरस होईल असं विचारलं की हमखास चुकते. तिच्या डोळ्यांसमोर आकृती येतच नसेल का? हे जन्मतःच असावं लागतं का?"

आई मुलीला घेऊन आली, तेव्हा मी सरावसंच मागून घेतला आणि मुलीला म्हटलं, "एक प्रश्न बोलत बोलत सोडव बघू."

चार चौकटी बाजूचा चौरस होता. पर्याय अ आणि क, दोन्हींत तीन त्रिकोण. मोठा त्रिकोण दोन्हीकडे तोच, म्हणजे चौरस तिरका कापल्यावर मिळणारा अर्धा भाग. फरक दोन छोट्यांत. अ मधल्या प्रत्येकाच्या काटकोनालगतच्या बाजू ४ आणि २ चौकटींच्या. क मध्ये त्या दोन्ही सारख्या आणि तिरकी बाजू ४.

तिने भराभर मोजलं. "आठ, चार, चार... सोळा. चौरसपण सोळाचा." आणि अ वर खूण! क कडे तिने पाहिलंही नाही.

म्हणजे आकृती न दिसण्याचा प्रश्नच नव्हता; ती एक पायरी आधी थांबत होती. चौकटींची बेरीज चुकली तर पर्याय नक्की बाद होतो, पण जुळली म्हणून तुकडे बसतीलच असं नाही. तिला वाटत होतं, बसतात.

मग आलेख कागदावर दोन्ही संच कापले. मोठा त्रिकोण चौरसात ठेवला की दोन कोपऱ्यांत अर्धा अर्धा काटकोन, म्हणजे ४५ अंश, रिकामा राहतो. अ च्या तुकड्याचं टोकदार टोक (साधारण २७ अंश) तिथे घातलं तर फट राहते. दोन्ही तुकड्यांची तशी टोकं एकत्र घातली तर ४५ पेक्षा जास्त होतात, एकमेकांवर चढतात. दुसरं टोक ६३ चं, ते तर मोठ्या त्रिकोणावरच जातं. अंश मी आईसाठी सांगितले. मुलीला बोटांनी सरकवूनच कळलं. क चे तुकडे मात्र बरोबर बसले.

"मग आधी कोपराच बघायचा ना?" ती म्हणाली. हो. बेरीज जुळलेल्या पर्यायांत आधी कोपरा, मग सर्वांत लांब बाजूला तेवढीच जोडीदार बाजू, एकटी किंवा दोन मिळून, आहे का ते.

अजून एक फसवी जागा राहते: आरशातला तुकडा. अशा प्रश्नांत तुकडा सहसा फिरवता येतो, पालथा करता येत नाही. तिरपागडा तुकडा असेल तर घड्याळाच्या दिशेने बाजू म्हणत जावं: आखूड, लांब, तिरकी. चौरसातल्या जागेत हाच क्रम उलटा आला, तर पर्याय बाद.

कात्री थोडे दिवसच. परीक्षेत मानसिक क्षमतेच्या ४० प्रश्नांना ६० मिनिटं असतात, एकाला दीड मिनिट. त्यामुळे आता तिने न कापता, पेन्सिलीने फक्त कोपऱ्यावर खूण करून पर्याय खोडायचे, असं ठरलं आहे.