कॉइलच्या शेगडीवर पोळी, फुलका आणि भाकरी

प्रश्न: नाशिकहून तीन महिन्यांपूर्वी अमेरिकेत आलोय. घरात गॅस नाही, लाल होणारी कॉइलची शेगडी आहे. पोळ्या पापडासारख्या कडक होतात आणि फुलका तर एकदाही फुगला नाही. कुणाला जमलंय का?

उत्तर:

जमतं. मी तीन वर्षं अशाच शेगडीवर रोजचा स्वयंपाक केला, आता नाशिकला परत आलेय. गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण तिकडे गेली तेव्हा तिचंही हेच रडगाणं होतं, म्हणून तिला बसून सविस्तर पत्र लिहिलं होतं. नाव बदलून तेच इथे देते.

प्रिय सुमे,

"पोळी कडक झाली म्हणून आच कमी केली, तर आणखीच कडक झाली," असं तू लिहिलंस आणि दुखणं कुठे आहे ते मला लगेच कळलं. पहिले दोन महिने मीही हेच करत होते. अगं, कडक पोळी बहुतेक वेळा जास्त आचेने होत नाही, कमी आचेने होते. तवा पुरेसा तापलेला नसला की पोळीला रंग यायला दोन-दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि हातात येतो तो पापड. तापलेल्या तव्यावर तीच पोळी मिनिटभरात होते आणि तिच्यातला ओलावा आतच राहतो.

गॅसवर आपण हात बटणावर ठेवून स्वयंपाक करतो. करपायला लागलं की बटण फिरवलं आणि जाळ उतरला. कॉइल तापतेही सावकाश आणि निवतेही सावकाश. त्यात तिच्या बटणाचा अर्थही वेगळा आहे. बटण पाचावर ठेवलं म्हणजे कॉइल अर्ध्या जोराने तापते असं नाही. ती पूर्ण जोराने चालू होते, मग बंद पडते, पुन्हा चालू होते. त्यातला किती वेळ चालू राहायचं एवढंच ते बटण ठरवतं. जरा वेळ शेगडीशी शांत उभी राहा, टिक असा बारीक आवाज येईल आणि लाली येता-जाताना दिसेल. पातळ तव्यावर हा चढउतार थेट पोळीला लागतो. म्हणून तुझी एक पोळी छान होते आणि लगेच पुढची वातड.

सिन्नरकडे आजीच्या चुलीवर भाकरी व्हायची ते मला यात फार उपयोगी पडलं. आजी भाकरी जाळात कधी धरायची नाही. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की चुलीच्या तोंडाशी आहार, म्हणजे धगधगते निखारे, ओढून त्याच्यासमोर भाकरी उभी करायची आणि ती टम्म फुगायची. कॉइल म्हणजे जाळ नव्हे, तो आहार आहे. आधी भरपूर तापू द्यायचा आणि मग त्याच्यापासून किती लांब राहायचं ते आपण ठरवायचं. हे एकदा डोक्यात बसलं की बटणाशी झटापट थांबते.

आता तव्याचं. इथून नेलेला तुझा खोलगट तवा बाजूला ठेव. तो कॉइलला मधोमध तेवढा टेकतो, म्हणून पोळी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. बुडाला अगदी सपाट असा बिडाचा जाड तवा घे. बीड उशिरा तापतं, पण एकदा तापलं की कॉइल मधेच बंद पडली तरी आच धरून ठेवतं. पातळ तव्यावर केलेली पोळी उलटून बघ, तिच्यावर कॉइलच्या वेटोळ्यांचे तपकिरी ठसे उमटलेले दिसतील. बिडावर ते दिसत नाहीत. नॉनस्टिक तवा मात्र या कामाला नको. रिकामा ठेवून इतका तापवला तर त्याचा थर खराब होतो.

शेगडीच्या चार कॉइल्सपैकी मोठीवर तवा ठेव, बटण एक ते दहामधल्या सहावर, आणि आठेक मिनिटं हात लावू नकोस. तोवर लाट्या करून घे. तवा तापला का ते पाण्याच्या थेंबाने बघू नकोस, थेंब अर्धवट तापलेल्या तव्यावरही चरचरतो. चिमूटभर कोरडी कणीक टाक. पाच-सहा सेकंदांत ती बदामी झाली तर तवा तयार. लगेच काळी होऊन धूर आला तर तवा उचलून शेजारच्या थंड कॉइलवर अर्धा मिनिट ठेव. कॉइल निवायची वाट बघण्यापेक्षा तवा हलवणं केव्हाही लवकर होतं. कणीक बराच वेळ पांढरीच राहिली तर आणखी दोन मिनिटं थांब. ती जळकी कणीक कोरड्या फडक्याने पुसून टाक आणि दर दोन पोळ्यांनी तव्यावरची पिठी पुसत जा. तिकडे त्या पिठीच्या धुराने घरातला अलार्म बोंबलायला लागतो.

कणीक इथल्यापेक्षा थोडी सैल भिजव. दोन वाट्या कणकेला मी वाटीभराला जरा कमी इतकं पाणी घेते, हाताला किंचित चिकटेल अशी तिंबते आणि अर्धा तास झाकून ठेवते. कोरडी, घट्ट कणीक गॅसवर खपून जाते, कॉइलवर खपत नाही.

आपल्या घडीच्या पोळीला तर जाळ लागतच नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच कर. पोळी तव्यावर टाकलीस की वीस-पंचवीस सेकंदांत वरचा रंग बदलतो आणि बारीक फोड यायला लागतात. तेव्हा उलट. दुसरी बाजू जरा जास्त वेळ, साधारण चाळीस सेकंद, खाली तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग परत उलट आणि कापडाच्या बोळ्याने कडेकडेने हलकं दाबत ती थोडी फिरव. मध्ये दाबू नकोस. वाफ पदरांमध्ये सरकत जायला हवी, तू दाबतेस तिथून ती पुढे पळते. पदर सुटून पोळी वर आली की तेलाचं बोट फिरव आणि काढ. डब्यात सुती फडकं घालून लगेच झाक.

फुलक्याला दोन कॉइल्स लागतात, ही खरी युक्ती. मोठीवर तवा सहावर आणि शेजारच्या छोटीवर बटण शेवटपर्यंत. ती पूर्ण लाल झाली की तिच्यावर पायांची तारेची जाळी ठेव. तिकडे केक गार करायला मिळते तशी, पण साध्या स्टीलची, वर कसलाही मुलामा नसलेली. जाळी कॉइलपासून बोटभर उंच राहायला हवी. कॉइलवर थेट फुलका टाकलास तर वेटोळ्यांच्या रेघा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो. तव्यावर पहिली बाजू पंधरा सेकंद, फक्त ओलेपणा जाईपर्यंत. दुसरी अर्धा मिनिट, ठिपके येईपर्यंत. मग चिमट्याने उचलून पहिली बाजू खाली करून जाळीवर. पाच ते दहा सेकंदांत फुगतो. तेवढ्यात नाही फुगला तर तिथे ठेवून उपयोग नाही, तो वाळायला लागतो. फुलका एकाच ठिकाणी फुगून फुस्स झाला, तर लाटताना तिथे चीर पडली होती किंवा कड जाड राहिली होती असं समज. अजिबात हलला नाही, तर तव्यावरची पहिली बाजू जास्त झाली. दोन्ही बाजूंना पातळ, पण न फाटणारी कातडी हवी आणि आत ओल हवी. पहिलीच बाजू कडक झाली तर ती ताणली जात नाही.

आता तुझ्या शेगडीकडे नीट बघ. कॉइलच्या मधोमध नाण्याएवढी चकती आहे का, दाबली की खाली जाणारी? गेल्या काही वर्षांतल्या नव्या शेगड्यांना ती असते. भांड्याचं बूड फार तापलं तर ती कॉइल बंद करते, म्हणजे भांड्यातलं तेल फार तापून आग लागू नये. तुझ्याकडे ती असेल तर बटण दहावर नेऊनही तवा ठरावीक तापमानापुढे जाणार नाही. ती काढायचा किंवा दाबून ठेवायचा प्रयत्न करू नकोस. तशा शेगडीवर जाळीचा नाद सोड आणि तवा दहा-बारा मिनिटं तापवून फुलका कापडाने दाबून तव्यावरच फुगव. आठातले सहा फुगतात. सपाट तवा तर तिथे हवाच, कारण चकतीला बूड नीट टेकलं नाही की कॉइल भलत्याच वेळी बंद पडते.

भाकरी शेवटी कर, कारण तिथल्या पिठाचीच शाश्वती नसते. दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं असलं की त्याला विरी राहत नाही, थापताना चिरा पडतात. तेव्हा उकळतं पाणी घालून उकड काढ आणि कोमट असतानाच मळ. बाजरीचं पीठ आधी चाखून बघ, कडवट लागलं तर त्याची भाकरी गोड होत नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लावतेस ते हलक्या हाताने आणि तव्याच्या मध्यभागीच. गळालं तर खालच्या कॉइलवर पडतं. पाणी सुकत आलं, पण पूर्ण कोरडं झालं नाही, तेव्हा उलट. ही बाजू खरपूस झाली की पहिली बाजू खाली करून जाळीवर, फुलक्यासारखीच, पण वीस-तीस सेकंद आणि फिरवत फिरवत. पापुद्रा सुटतो. आजीच्या भाकरीचा धुराचा वास तेवढा येत नाही. आणि खापरावरच्या मांड्यांचा हट्ट या शेगडीवर करू नकोस, ते गोल खापर कॉइलवर बसतच नाही.

तुझी,
मी

पत्र इथे संपलं. हे वाचून कुणी इकडच्या खोलीतल्या शेगडीवर तसंच करायला जाईल, म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कॉलेज रोडला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांकडे मातीच्या खाचेत उघडी तार बसवलेली स्वस्तातली शेगडी असते. ती आणि तिकडची शेगडी एक नव्हे. तिकडच्या कॉइलमध्ये तार धातूच्या नळीत बंद असते आणि नळीला वीज लागत नाही. इथल्या उघड्या तारेत वीज खेळत असते. तिच्यावर तारेची जाळी टेकली तर जाळीत वीज उतरते, आणि चिमटा तुमच्या हातात असतो. तवा तारेला टेकला तर तव्यातही उतरते. अशा शेगडीवर जाळी कधीच नको, भाकरीला पाणी लावणंही नको. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असल्याशिवाय ती वापरूच नका, आणि तवा ठेवताना-उचलताना आधी बटण बंद करून पिन काढा.