ओल्या शेंगा उकडणे आणि वाळलेल्या शेंगांचा उपयोग

प्रश्न: बेळगावच्या बाजारातून आणलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा किती वेळ उकडाव्यात? घरातल्या वाळलेल्या शेंगा तशाच उकडून चालतील का?

उत्तर: उघड्या पातेल्यात साधारण ४० मिनिटे आणि कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या पुरतात, वाळलेल्या शेंगा मात्र रात्रभर भिजवून बराच जास्त वेळ उकडल्या तरी तितक्या मऊ व गोडसर होत नाहीत. खरिपाच्या काढणीनंतर लगेच आलेल्या शेंगांतील दाण्यांत भरपूर पाणी असते, त्यामुळे ते लवकर शिजतात, तर वाळलेला दाणा आधी पाणी शोषतो आणि मगच शिजू लागतो. शेंगा चोळून माती पूर्ण काढावी, त्या बुडतील इतके पाणी घेऊन लिटरला दोन मोठे चमचे मीठ घालावे आणि गॅस बंद केल्यावर अर्धा तास त्याच पाण्यात ठेवाव्यात, कारण टरफलातून मीठ आत मुरायला वेळ लागतो. एक शेंग फोडून पाहावी. दाणा बोटांनी सहज दाबला गेला की झाले. उलट कूट, चटणी आणि तेलासाठी वाळलेलेच दाणे हवेत, कारण ओल्या दाण्यांचे कूट न होता लगदा होतो. मात्र बुरशी आलेल्या शेंगा आधीच काढून टाकाव्यात, कारण बुरशीचे विष उकडल्याने नष्ट होत नाही.