गव्हाळा आणि मुगाळा

"बाबा, गाय तर एक प्राणीच आहे ना? मग वसुबारसेला आजी तिची पूजा का करते? आणि त्या दिवशी दूध का पीत नाही?"

प्रिय चिमणे,

दुधापासून सुरू करतो, बाकीचं त्याच्या मागून येईल.

आपल्याकडच्या देशी गाई वासरू जवळ आल्याशिवाय बहुधा पान्हा सोडत नाहीत. म्हणून धार काढायच्या आधी वासराचं दावं सोडतात. ते धावत येतं, कासेला ढुशा देतं, चार घोट पितं. गाईला पान्हा फुटला की नेमकं तेव्हाच त्याला ओढून बाजूला बांधतात आणि माणूस चरवी घेऊन बसतो. लहानपणी हे ओढायचं काम माझ्याकडे होतं. मला ते अजिबात आवडायचं नाही. तोंडाला फेस लागलेलं वासरू माझ्याकडेच बघत राहायचं. वासरू मेलं तर काही ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवत. ती त्यालाच चाटायची आणि दूध द्यायची. आपण पितो ते दूध मुळात कुणाचं, हे गोठा असलेल्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नसे.

वसुबारस आश्विन वद्य द्वादशीला येते. पूजा नुसत्या गाईची नसते, वासरासकट गाईची असते. उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी दूध-तूप घेत नाहीत. गहू आणि मूगही खात नाहीत; बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. गहू-मूग का नाहीत, ते कहाणीत आहे.

एका म्हातारीकडे गाईगुरं होती आणि गव्हाळी-मुगाळी वासरं होती. शेतावर जाताना ती सुनेला म्हणाली, गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेव. तिच्या मनात होते गहू आणि मूग. सुनेने गोठ्यात जाऊन वासरं चिरली आणि शिजवली. दुपारी ताटावर बसल्यावर म्हातारीला काय झालं ते कळलं. तिने सुनेला मारलं नाही की बोल लावला नाही. देवापुढे धरणं धरून बसली. संध्याकाळी गाई रानातून आल्या, हंबरू लागल्या, आणि वासरं जिवंत होऊन उड्या मारत प्यायला गेली. लहान मुलांना सांगायला ही गोष्ट भयंकरच आहे, पण आम्ही सगळे हीच ऐकत वाढलो.

आता देव का म्हणायचं, ते. लोक सांगतात की गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव आहेत, समुद्रमंथनातून कामधेनू निघाली, कृष्ण गवळ्यांत वाढला. ऋग्वेदात गाईला 'अघ्न्या' म्हटलंय, म्हणजे मारू नये अशी. पण वैदिक ग्रंथांतच यज्ञात गुरं बळी दिल्याचेही उल्लेख सापडतात, त्यामुळे हा आदर हळूहळू घट्ट होत गेला असं अनेक अभ्यासक मानतात. गाय श्वासातून ऑक्सिजन सोडते असंही कुणी तुला सांगेल. ते खरं नाही. तीही आपल्यासारखाच ऑक्सिजन आत घेते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते.

दूध देते म्हणून माता, हे उत्तर मला अर्धंच वाटतं. म्हशीचं दूध जास्त दाट असतं, तरी तिला गोमाता म्हणत नाहीत. उरलेलं अर्धं उत्तर बैलात आहे. आपल्याकडची खिल्लार गाय घे. दूध बेताचंच, वासराला पुरून थोडं उरेल इतकं. तरी शेतकरी तिला जपतो, कारण तिचा खोंड मोठा होऊन नांगर ओढतो. उन्हात कोरड्या रानात चालायला रेडा बैलाइतका टिकत नाही. समज, दुष्काळ पडला आणि पोटासाठी गाय मारून खाल्ली. पुढच्या जूनमध्ये पाऊस आला तर नांगराला बैल कुठून आणायचा? भुकेच्या वर्षी हा मोह होऊ नये म्हणून धर्माचं कुंपण कामी आलं, असं मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं. सगळ्यांना ते पटलं नाही. सावरकर तर म्हणत, गाय उपयुक्त पशू आहे, तिला जपा, पण देव करू नका. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं कारण बरंच मागे पडलंय, पूजा मात्र चालू आहे.

आजीच्या फ्लॅटखाली गाय नाही, म्हणून ती पाटावर पितळी गाय मांडते. पुढच्या वेळी फोन जवळ न्यायला सांग. त्या गाईच्या पोटाशी वासरू आहे, एकाच ओतकामातलं, वेगळं काढता न येणारं. आजी आधी त्याला कुंकू लावते, मग गाईला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चहात पुन्हा दूध असतं, पिशवीतलं.

तुझा,
बाबा