एसओपीचा सारांश करताना पायऱ्यांचा क्रम

प्रश्न: "आमच्या मशीनची एसओपी बरीच पानं आहे. त्यातून सेफ्टीच्या पायऱ्यांचा एका पानाचा सारांश काढायचाय. विषयवार गट केले तर वाचायला सोपं जाईल, पण साहेब म्हणतात मूळ क्रम हलवू नको. एवढं काय बिघडतं?"

तुमचे साहेब बरोबर आहेत. मी मेंटेनन्सला आहे आणि नेमक्या याच मुद्द्यावरून माझं आमच्या तेव्हाच्या मॅनेजरशी जोरात वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे हवेवर चालणारं एक प्रेस होतं, पुढे माल सरकवायला छोटा कन्व्हेयर. डाय बदलायची किंवा सील बदलायची म्हणजे आधी लॉकआउट-टॅगआउट. एसओपीतला क्रम असा: ऑपरेटरला आणि शेजारच्या लाईनला सांगा, रॅम म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा जड भाग वर नेऊन मशीन नेहमीच्या पद्धतीने थांबवा, मेन आयसोलेटर ऑफ, आपलं कुलूप आणि टॅग लावा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा, मग हवेचा व्हॉल्व्ह बंद करून त्यालाही कुलूप, मग लाईनमध्ये उरलेली हवा सोडा, गेज शून्यावर आलाय का बघा, कन्व्हेयरच्या ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेली ५ मिनिटं थांबा, मीटरने सप्लाय नाही हे तपासा, स्टार्ट बटण दाबून मशीन हलत नाही ना ते बघा, सिलेक्टर परत ऑफवर आणा. आता हात घाला.

मॅनेजरला हे एका पोस्टरवर हवं होतं. त्याने बसून गट पाडले. वर पीपीई, मग "वीज", मग "हवा", शेवटी "यांत्रिक". दिसायला सुरेख झालं, रंगीत चौकटी वगैरे. एकही मुद्दा गाळलेला नव्हता, आणि हेच त्याचं म्हणणं होतं की सगळं आहे ना त्यात, मग तक्रार कसली. पण सेफ्टी ब्लॉक हा "यांत्रिक" प्रकार, म्हणून तो गेला हवेच्या खाली. उभ्या सिलेंडरमध्ये रॅम वर धरून ठेवलेला असतो तो खालच्या बाजूच्या हवेच्या दाबाने. ती हवा सोडली की रॅम स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्याला वीज लागत नाही, बटण लागत नाही.

मी तेव्हाच बोललो की हे लावू नका. उत्तर मिळालं की फिटरला एवढं कळतं. जुन्या फिटरला कळतं, त्याला पोस्टर लागतच नाही. पोस्टर ज्याच्यासाठी होतं तो नवीन पोरगा एकदा एकटाच लागला, पोस्टर बघून ओळीने करत गेला, हवा सोडली आणि रॅम धाडकन खाली. ब्लॉक त्याच्या दुसऱ्या हातात होता, पुढची पायरी म्हणून लावायला निघालेला. हात आत नव्हता एवढंच. त्यानंतर मीटिंगमध्ये "फिटरने काळजी घ्यायला हवी होती" असं ऐकून घ्यावं लागलं. त्याने कागदावर लिहिलंय तेच केलं होतं, आणि माझं मत आजही तेच आहे की चूक कागद बनवणाऱ्याची होती, वाचणाऱ्याची नाही.

तर सारांश करताना काय करायचं. पहिलं म्हणजे मूळ पायरीचा नंबर सारांशात तसाच ठेवा. ४ नंतर ७ आला तरी चालेल, नवीन नंबर देऊ नका. नंबर तसेच असले की मधलं काय गाळलंय ते लगेच दिसतं आणि कोणी पायरी वरखाली केली तर ९ च्या आधी ११ आलेला कोणाच्याही डोळ्यात खुपतो.

दोन पायऱ्या एकत्र करायच्या असतील तर त्या एकमेकींना चिकटून असायला हव्यात आणि मध्ये काही तपासणी नको. "आयसोलेटर ऑफ करून कुलूप-टॅग लावा" हे चालेल. "हवा बंद करा, सोडा आणि काम सुरू करा" हे नाही चालणार, कारण गेज बघायची पायरी त्यात मेली. "थांबा, बघा, तपासा" असल्या ओळी लांबलचक वाटतात म्हणून लोक पहिल्यांदा त्याच कापतात, आणि एसओपीत जीव वाचवणारं जे आहे ते तिथेच आहे. ५ मिनिटं लिहिलंय तर ५ मिनिटंच लिहा. "थोडा वेळ थांबा" लिहिलं की माणूस अर्धा मिनिट थांबतो, आणि ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये तोपर्यंत धोकादायक चार्ज उरलेला असू शकतो.

तीच कृती दोनदा आली म्हणून एक उडवू नका. मीटरचं उदाहरण घ्या. आधी मीटर चालू सप्लायवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग परत चालू सप्लायवर. सारांश करणाऱ्याला पहिली आणि तिसरी सारखीच वाटते. पण मधल्या तपासणीत मीटर शून्य दाखवतोय तो सप्लाय नाही म्हणून की मीटरच तेवढ्यात बिघडला म्हणून, हे फक्त तिसऱ्या वेळेला कळतं. स्टार्ट बटणाचंही तसंच. बटण दाबून बघितलं की लोक संपलं समजतात आणि सिलेक्टर परत ऑफला आणायची ओळ गाळतात, मग काम झाल्यावर सप्लाय दिला की मशीन आपणहून सुरू व्हायची शक्यता राहते.

आणि शेवटी "काम झाल्यावर उलट क्रमाने चालू करा" ही एक ओळ कृपा करून लिहू नका. हत्यारं मोजून बाहेर काढणं, गार्ड परत बसवणं, सगळे बाजूला झालेत का बघणं, ज्याचं कुलूप त्यानेच काढणं, यातलं बरंचसं बंद करताना नव्हतंच, मग उलटं वाचून ते येणार कुठून? चालू करायच्या पायऱ्याही वेगळ्या आणि ओळीने लिहा.

एक अडचण तुम्हाला नक्की येईल. एसओपीतच कुठेतरी नवव्या पायरीखाली लिहिलेलं असतं, "सहावी पायरी करण्यापूर्वी अमुक बघून घ्या". हात शिवशिवतात ते वर न्यायला. नेऊ नका, निदान गुपचूप नाही. ज्याची सही एसओपीवर आहे त्याच्याकडे जा, एसओपी सुधारून घ्या, नवीन रिव्हिजन निघू दे, मग सारांश काढा. नाहीतर मशीनपाशी दोन कागद दोन गोष्टी सांगणारे लटकतात.

गटांच्या मी पूर्ण विरोधात नाही हेही सांगतो. अख्ख्या कामभर घालायचे बूट, चष्मा हे वर एकत्र लिहायला हरकत नाही. पण हातमोजे सरसकट वर टाकू नका, फिरत्या भागाजवळच्या पायरीत ते काढायला सांगितलेले असतात. आणि सारांश म्हणजे एसओपी नाही, पहिल्यांदा काम करणाऱ्याने मूळ कागद वाचायलाच हवा. सारांशाच्या कोपऱ्यात मूळ एसओपीचा नंबर आणि रिव्हिजन टाका. आणि लावण्याआधी नवीन फिटरला मशीनपाशी उभं करून, सप्लाय पूर्ण बंद असताना, एकेक ओळ वाचत नुसता हात कुठे जाईल ते दाखवायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे तुम्ही काहीतरी कापलंय किंवा हलवलंय.