शेवटचा जनरेटर आणि नकाशावरचे तीन कोपरे

> "डेड बाय डेलाइटमध्ये सर्व्हायव्हर म्हणून चार जनरेटर झटपट होतात आणि पाचव्यावर आम्ही सगळे मरतो. किलर घेतला तर उलटे, पहिला हुक मिळेपर्यंत तीन जनरेटर झालेले असतात. दोन्हीकडे नेमके काय चुकते?"

तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे. मलाही याच दोन गोष्टींनी फार काळ छळले, म्हणून सविस्तर लिहितो. पर्क कोणते घ्यावेत, स्किल चेक कसे मारावेत हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. खालचे आकडे कोणतेही पर्क नाहीत असे धरून दिले आहेत. नव्या पॅचमध्ये ते थोडेफार बदलू शकतात, पण विचाराची दिशा तीच राहते.

चार सर्व्हायव्हर विरुद्ध एक किलर अशा या खेळात नकाशावर जनरेटर सात असतात आणि सुटकेच्या दरवाजांना वीज मिळण्यासाठी त्यांपैकी पाच लागतात. म्हणजे चार पूर्ण झाले की तीन उरतात आणि त्यांतला कोणताही एक पुरतो. ते तीन कोणते उरावेत, हे तुमच्या पहिल्या चार निवडींनी ठरते. अनोळखी सहकाऱ्यांबरोबर खेळताना माझे सर्वाधिक सामने इथेच गेले: ज्याला जो जनरेटर जवळ दिसला तो त्याने केला, आणि शेवटी एकाच कोपऱ्यातले, एकमेकांना खेटून असलेले तीन उरले.

याचा हिशोब करून पाहा. बहुतेक किलर सेकंदाला ४.६ मीटर चालतात. उरलेले तीन जनरेटर एकमेकांपासून ३० मीटरवर असतील, तर तिन्हींना मिळून एक फेरी साधारण २० सेकंदांत होते. एकट्या सर्व्हायव्हरला एक जनरेटर पूर्ण करायला ९० सेकंद लागतात, त्यामुळे तेवढ्या वेळात किलर त्याच्या डोक्यावर चार वेळा येऊन उभा राहतो. तेच अंतर ७० मीटर असेल, तर एका फेरीला ४५ सेकंदांहून अधिक लागतात. दोघे एकाच जनरेटरवर बसले तर तो सुमारे ५३ सेकंदांत होतो, म्हणजे किलर वाटेत कोणाच्या मागे दहा सेकंद जरी रेंगाळला, तरी जनरेटर पूर्ण होतो. सामना तोच, माणसे तीच, केवळ अंतराने निकाल फिरतो. एकाच जनरेटरला पुन्हा पुन्हा लाथ मारून त्याची प्रगती मागे ढकलण्यावर गेमने आता आठ वेळांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे पूर्वीसारखे अर्धा तास अडकून पडणे होत नाही. पण आठ लाथा पूर्ण होईपर्यंत बहुतेक संघ संपलेले असतात.

म्हणून सर्व्हायव्हरांनी सुरुवातीलाच जनरेटरांवरचे उंच दिवे पाहत फिरावे आणि जिथे दोन-तीन जवळजवळ दिसतील, त्यांतला मधला आधी उरकावा. तो धोक्याचा वाटतो, किलर तिथे वारंवार येतो, हे मान्य आहे. तरीही तो पहिल्या दोन जनरेटरांमध्येच व्हायला हवा, कारण तेव्हा सगळे निरोगी असतात आणि किलरच्या वाटेत पाडायचे त्या भागातले पॅलेटही शाबूत असतात. पॅलेट एकदा फुटला की परत येत नाही, त्यामुळे ज्या कोपऱ्यात शेवट होण्याची शक्यता आहे, तिथले पॅलेट पहिल्याच चेसमध्ये संपवणे हे मला अक्षम्य वाटते. फटका बसल्यानंतर मिळणाऱ्या वेगात तुम्ही किलरपासून समजा १२ मीटर दूर गेलात, तर तुमचा वेग ४ मीटर असल्याने ते अंतर तोडायला त्याला मोकळ्या जागेतही २० सेकंद लागतात. तेवढ्यात ८० मीटर धावता येते. हे ८० मीटर त्या कोपऱ्यापासून दूर जाण्यासाठी खर्च करा.

आणखी एक मुद्दा. सुरुवातीला दोघांनी एकाच जनरेटरवर बसू नये. एकत्र काम करताना प्रत्येकाचा वेग १५ टक्क्यांनी घटतो: वेगवेगळे बसलात तर ९० सेकंदांत दोन होतात, एकत्र बसलात तर दोनांना १०६ लागतात. शेवटच्या जनरेटरला मात्र हाच नियम उलटा करावा, कारण तिथे दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत काम उरकायचे असते. किलरने हुकवर टांगलेल्या सहकाऱ्याला सोडवायला एकानेच जावे. दोघे धावले की त्या वेळात जनरेटरवर कोणीच नसते.

आता किलरच्या बाजूने. तुम्ही पहिल्या माणसामागे ९० सेकंद घालवलेत आणि उरलेले तिघे वेगवेगळ्या जनरेटरांवर होते, तर तुम्हाला हुक मिळाला तरी तीन जनरेटर गेलेच. तुमच्या तक्रारीतले "तीन" तिथूनच येतात. किलरला सातही जनरेटर सुरुवातीपासून दिसतात. पहिल्या दहा सेकंदांत आपले तीन ठरवा आणि लांबचे जाऊ द्या. चेस कोणत्या दिशेने जातो आहे ते पाहा: सर्व्हायव्हर तुम्हाला दूरच्या टोकाकडे, भक्कम खिडकीकडे ओढत असेल, तर तो त्याचे काम चोख करतो आहे आणि तुम्ही वळून परत यायला हवे. एखादी खिडकी दोनदा ओलांडूनही अंतर कमी झाले नाही, तर मी तो चेस सोडतो. काही जाणकारांना हे फार लवकर वाटेल, पण एका जखमी माणसाला सोडून दुसऱ्याला जनरेटरवरून उठवणे मला बहुतेक वेळा फायद्याचे ठरले आहे. आपल्या तीन जनरेटरांजवळचे पॅलेट मात्र आवर्जून पाडायला लावा आणि फोडा. एक फोडायला अडीच सेकंदही लागत नाहीत, पण शेवटी तो कोपरा उघडा पडतो.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिच्यामुळे माझे महिने वाया गेले. खिडकी ओलांडून पुढे गेल्यावरही फटका बसायचा आणि मी चेस शिकण्यातच दोष शोधत होतो. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली की समोरून दर वेळी एकच उत्तर येई: "सर, स्पीड टेस्टमध्ये शंभर येतंय ना? मग लाइन ओके आहे." वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या एकाही माणसाने ऐकून घेतले नाही आणि तक्रार परस्पर बंद केली जाई. याचा संताप अजूनही जात नाही. तुम्हाला संध्याकाळीच असे फटके बसत असतील, तर सकाळी आणि रात्री नऊला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे दोन आदेश चालवून पाहा (राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो):

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिल्यातच आकडे वरखाली होत असतील, तर दोष घरातल्या वायफायचा आहे आणि केबल जोडल्याने तो बहुधा जातो. पहिला स्थिर आणि दुसरा फक्त रात्री उसळत असेल, तर तो बाहेरचा आहे. दोन्ही स्थिर असतील, तर वर लिहिलेल्या अंतरांकडे परत या आणि पुढच्या सामन्यात चौथा जनरेटर सुरू करण्यापूर्वी, तो झाल्यावर कोणते तीन उरतील ते एकदा मोजून पाहा.