मध उकळून घेतला तर तान्ह्या बाळाला चालेल का?

प्रश्न: बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई बाळगुटी मधात उगाळून द्यायला सांगतात, डॉक्टर म्हणाले वर्षभर मध नको. मध तर वर्षानुवर्षं खराब होत नाही, मग त्यात बोट्युलिझमचा जंतू जगतो कसा? आणि उकळून घेतला तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. डॉक्टरांचं बरोबर आहे. बाळगुटी द्यायचीच असेल तर ती मधात देऊ नका, आणि द्यायची की नाही हेही डॉक्टरांनाच विचारा. मध उकळून का भागत नाही, हे कळायला मात्र या जंतूची थोडी ओळख हवी. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि वर्गात मुलांचाही गोंधळ नेमका इथेच होतो.

बोट्युलिझम म्हणजे विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार. तो करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीतला जीवाणू. त्याच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या धरायच्या: वाढणारी जिवंत पेशी, तिचा बीजाणू आणि तिने तयार केलेलं विष. पेशी नाजूक असते. हवेतला ऑक्सिजन तिला सोसत नाही आणि उकळत्या पाण्यात ती लगेच मरते. विष हे प्रथिन आहे, त्यामुळे अन्न आतपर्यंत ८५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटं तापलं की ते निकामी होतं. बीजाणूचं गणित निराळं. परिस्थिती प्रतिकूल झाली की पेशी स्वतःभोवती जाड कवच करून कोरड्या, निद्रिस्त अवस्थेत जाते. या अवस्थेत ती वर्षानुवर्षं राहू शकते, आणि तिला १०० अंशांच्या पाण्यात काही तास ठेवलं तरी ती मरेलच असं नाही. खात्रीने मारायचं तर दाबाखाली १२१ अंश लागतात, तेही अन्नाच्या अगदी मध्यापर्यंत सुमारे तीन मिनिटं. डबाबंद अन्नाचे कारखाने याच आकड्यावर चालतात.

तुमच्या बरणीतल्या मधात असू शकतो तो बीजाणू. मधात वजनाच्या जेमतेम १७-१८ टक्के पाणी असतं आणि तेही साखरेने धरून ठेवलेलं. शिवाय मध आंबट असतो. त्यामुळे बीजाणू तिथे रुजत नाही, विषही होत नाही. मध खराब होत नाही हे खरंच आहे. पण रुजला नाही म्हणजे मेला असं नाही.

खऱ्या बोट्युलिनमशी वर्गात खेळता येत नाही, म्हणून त्याचा बिनविषारी चुलतभाऊ क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनेस वापरतो. त्याचे बीजाणू आधी ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, म्हणजे सोबतच्या जिवंत पेशी मरतात आणि बीजाणू तेवढे उरतात. मग एका नळीत शिजवलेल्या खिम्याचं पोषकद्रव्य घ्यायचं, ते ताजं उकळून त्यातली हवा घालवायची, गार झालं की बीजाणू सोडायचे आणि वर द्रव पॅराफिनचा थर द्यायचा. दुसऱ्या नळीत तेच बीजाणू नुसत्या मधात. दोन्ही ३७ अंशांवर. दोनेक दिवसांत पहिल्या नळीत बुडबुडे दिसतात, खिमा काळपट पडू लागतो आणि झाकण उघडलं की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकतात. मधाची नळी मात्र जशीच्या तशी. पण त्याच मधातला थोडा भाग काढून पोषकद्रव्यात पातळ केला, की तीही नळी काळी पडते. बाळाच्या पोटात होतं ते साधारण हेच.

आता उकळण्याकडे येऊ. उकळल्याने कधी उलटच होतं, याचं माझं नेहमीचं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. एप्रिल २०१५ मध्ये लँकेस्टर गावातल्या एका चर्चमध्ये लोकांनी आपापल्या घरून पदार्थ आणून जेवण केलं. जेवायला ७७ जण होते. त्यातल्या २९ जणांना बोट्युलिझम झाला आणि एक बाई दगावल्या. कारण ठरलं बटाट्याचं सॅलड. त्यातले बटाटे घरीच काचेच्या बरण्यांत भरून, बरण्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून सीलबंद केलेले होते. दाबाचं भांडं वापरलं नव्हतं.

तिथे काय झालं असणार ते पायरीपायरीने पाहा. बटाटा मातीतून येतो, म्हणजे सालीवर बीजाणू असणं काही विशेष नाही. उकळण्याने बाकीचे सगळे जंतू मेले, म्हणजे या जंतूला अन्नासाठी कुणाशी स्पर्धा उरली नाही. उकळण्यानेच बरणीतली हवाही बाहेर गेली आणि झाकण घट्ट बसलं, म्हणजे ऑक्सिजन नाही. एवढ्या उष्णतेचा धक्का बसल्यावर बीजाणू उलट जागे व्हायला तयार होतात. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. बटाट्याला आंबटपणा जवळजवळ नाही, पीएच सहाच्या आसपास. ४.६च्या खाली पीएच गेला की हा जंतू वाढत नाही, इथे तर तो कितीतरी वर होता. भरपूर पाणी, पिष्ट, खोलीतलं तापमान. बरणी फडताळात राहिली आणि आत विष तयार होत गेलं. शेवटी हे बटाटे सॅलडात गेले, आणि सॅलड काही कुणी गरम करत नाही. नुसते दहा मिनिटं उकळून घेतले असते तरी विष गेलं असतं.

आपल्या कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्याला ही भीती फारशी नसते, कारण आंबट आणि मीठ दोन्ही भरपूर. पण सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची जी नवी टूम आली आहे, ती मला अजिबात आवडत नाही. लसूण मातीतला, आंबट नाही, वरून तेलाने हवा बंद. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटच्या अशाच तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले होते. करायचाच असेल तर थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. वास घेऊन किंवा चव पाहून खात्री करायला जाऊ नका. या जंतूच्या काही जातींना वास येतच नाही, आणि चाखण्यापुरतं विषही माणसाला पुरतं.

मोठ्या माणसाचं असं होतं: विष अन्नात आधीच तयार असतं आणि आपण ते गिळतो. बाळाच्या बाबतीत विष बाहेरून येत नाही, ते आतड्यात तयार होतं. मधातला बीजाणू तुम्हीही गिळता आणि मीही. आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणूंची वस्ती आधीच बसलेली असते, ती नवख्या बीजाणूला रुजू देत नाही आणि तो तसाच बाहेर पडतो. चार महिन्यांच्या बाळाची ही वस्ती अजून बसायची असते. ऑक्सिजन नाही, आंबटपणा बेताचा, उबदार ३७ अंश, दुधाचं पोषण आणि हाकलायला कुणी नाही. बीजाणू रुजतो, पेशी वाढतात आणि विष दिवसेंदिवस रक्तात झिरपत राहतं. म्हणूनच उकळलेल्या मधाचा उपयोग नाही. उकळून विष जातं, पण मधात विष नसतंच. जे असतं ते उकळण्याने जात नाही, आणि पाणी कमी असलेल्या दाट मधात तर बीजाणू उष्णतेला आणखीच चिवट होतात. ‘शुद्ध’, ‘जंगली’, ‘घरच्या पोळ्याचा’ यानेही फरक पडत नाही. हे बीजाणू धूळमातीतून येतात, भेसळीतून नाही.

बाळांच्या या आजाराची ओळख पटली १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियात. मधाशी त्याचा संबंध त्यानंतर थोड्याच वर्षांत लक्षात आला. जपानने १९८७ मध्येच वर्षाखालच्या बाळांना मध देऊ नका असं सांगितलं होतं. तरी २०१७ मध्ये टोकियोच्या अदाची भागात सहा महिन्यांचा मुलगा गेला. घरच्यांनी पौष्टिक म्हणून त्याला महिनाभर रसात मध घालून दिला होता. त्याच्या शौचात हा जंतू सापडला आणि घरातल्या मधातही. हौसेने, प्रेमानेच दिलेला मध होता. सासूबाईंशी बोलताना हे लक्षात असू द्या, त्यांचाही हेतू तोच आहे.

सगळा दोष मधाचा आहे असंही नाही. या आजाराच्या बहुतेक बाळांनी मध चाखलेलाही नसतो, त्यांना बीजाणू धुळीतून मिळालेले असतात. धूळ आपण टाळू शकत नाही, मध टाळू शकतो, एवढाच मुद्दा आहे. तुम्ही स्वतः मध खाल्लात आणि बाळाला अंगावर पाजलंत तर काही बिघडत नाही, बीजाणू दुधात उतरत नाहीत.

आणि याआधी एखाददुसरं बोट चाटवून झालं असेल तर घाबरून जाऊ नका. मध चाटलेल्या बहुतेक बाळांना काहीही होत नाही. पुढचा महिनाभर लक्ष मात्र ठेवा. पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठाचं असतं, आणि तान्ह्या बाळाला दोन-तीन दिवस शी न होणं इतकं नेहमीचं असतं की तिकडे कुणी पाहत नाही. त्यामुळे त्याच्या जोडीने काय दिसतं ते पाहा: दूध ओढायचा जोर कमी होतो, रडणं क्षीण होतं, पापण्या अर्ध्या मिटल्यासारख्या राहतात, चेहऱ्यावरचे भाव जातात, सावरू लागलेली मान पुन्हा लुळी पडते. ताप सहसा नसतो. हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, म्हणून बाळ झोपाळलेलं वाटतं, पण ते खरं तर लुळं पडत असतं.

यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, श्वासाला यंत्राचा आधार देण्याची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि ‘बाळाला मध दिला होता’ हे न विचारता सांगा. हे सांगण्याला महत्त्व आहे. मलूल बाळ आलं की डॉक्टरांना आधी रक्तातल्या जंतुसंसर्गाची शंका येते, आणि त्यासाठी सर्रास दिलं जाणारं जेंटामायसिन या आजारात स्नायूंची दुर्बलता आणखी वाढवू शकतं. बोट्युलिझम डोक्यात असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात, शौचाचा नमुना विषाच्या तपासणीला पाठवतात आणि श्वासावर नजर ठेवतात. वेळेवर आधार मिळालेली बाळं बहुतेक पूर्ण बरी होतात, पण मज्जातंतूंची टोकं नव्याने जुळायला आठवडे, कधी महिने लागतात.